पोचा दिसला पाहिजे

"विम्याचा सर्व्हेअर बघायच्या आधी दार ठोकून सरळ केलंत?" गॅरेजमधल्या क्लेमवाल्या मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, मोडलेला हात डॉक्टरला दाखवायच्या आधी कुणी बरा करतं का?"

"बरा झाला तर चांगलंच ना?" जावईबापू म्हणाले.

"क्लेमसाठी नाही."

गाडी पांढरी, आणि बायकोची. काल डावीकडच्या मागच्या दाराला भलामोठा पोचा आला. "ऑफिसबाहेर उभी होती, ट्रकवाला ठोकून पळाला," असं जावईबापूंनी घरी सांगितलं आणि आज सकाळीच गाडी गॅरेजात आणून डेंटरच्या मागे लागून दार ठोकूनही घेतलं. एवढी तत्परता त्यांनी लग्नात हार घालतानाही दाखवली नव्हती.

"आता सगळी भिस्त फोटोंवर," मॅडम म्हणाल्या. "मी सर्व्हेअरशी बोललेय. ठोकायच्या आधीचे फोटो पाठवा, ज्यात नुकसान सगळ्यात स्पष्ट दिसतंय तो पहिला, मग उतरत्या क्रमाने, म्हणाले. पटलं तर पास. नाही पटलं तर खर्च तुमचा."

"फोटोंची काय कमी!" बायको म्हणाली. "माझा भाऊ फोटोग्राफर आहे."

मेव्हणा लग्नाचे फोटो काढायचा. सकाळी गॅरेजच्या वाटेवर त्यानेच फोटो काढले होते. त्याने ऐटीत लॅपटॉप उघडला. पहिल्या फोटोत मागे झाडं धूसर झालेली, काचेवर सूर्य चमकतोय आणि गाडी लाजून किंचित तिरकी उभी.

"सुंदर!" मॅडम म्हणाल्या. "पोचा कुठाय?"

"काढला."

"कुठून काढला?"

"फोटोतून. सवय हो. नवरीच्या गालावर काही दिसलं की हात आपोआप फिरतो."

"अरे गाढवा," बायको म्हणाली, "पोचा म्हणजे काय मुरूम आहे?"

"भाऊजीच म्हणाले, जरा स्वच्छ करून दे!"

सगळ्यांनी भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी छताच्या पंख्याकडे बघितलं.

"मूळ फोटो?" मॅडमनी विचारलं.

"त्याच्यावरच सेव्ह झाले."

"आणखी कुणाकडे काही?"

जावईबापूंनी घाईघाईने आपला मोबाइल पुढे केला. एका फोटोत नुसता पांढरा पत्रा. "हे दार आहे की फ्रिज?" मॅडमनी तो क्रमात खाली टाकला. दुसऱ्यात समोरून फ्लॅश मारलेला. "अशाने खड्डा सपाट दिसतो, तिरका उजेड लागतो." तोही खाली. तिसऱ्यात जावईबापूंचा अंगठा. त्यात मात्र अंगठा फारच स्पष्ट आला होता.

"हाच पहिला ठेवू," जावईबापू म्हणाले.

"अंगठ्याचा विमा आहे का?"

इतका वेळ कोपऱ्यातल्या टायरवर बसलेल्या सासूबाई उठल्या. "अगं बाई, माझ्याकडे एक आहे. पण तो वेलीचा. फुलं आली ना फाटकावर, बहिणीला पाठवायला सकाळी काढला."

"आई, वेलीचं काय मध्येच?" जावईबापू ओरडले. "तुम्ही बसा. चहा मागवू?"

"दोन वर्षांत पहिल्यांदा चहा विचारला," सासूबाई म्हणाल्या आणि मोबाइल मॅडमच्या हातात दिला.

मॅडमचा चष्मा कपाळावरून नाकावर उतरला. "एक नंबर! मागच्या कोपऱ्यातून काढलाय, म्हणजे नंबरप्लेट आणि दार एकाच फ्रेममध्ये. सकाळचं तिरकं ऊन, पोच्याची सावली बघा कशी पडलीय. हाच पहिला." त्यांनी फोटो मोठा केला. "थांबा. पोच्यात हा पोपटी पट्टा कसला?"

"ट्रकचा रंग असेल," जावईबापू पुटपुटले.

बायकोने फोटो जरा उजवीकडे सरकवला. वेलीखाली फाटकाचा खांब होता. सासूबाईंनी स्वतः पसंत केलेल्या पोपटी रंगाचा. बरोबर दाराच्या उंचीला त्याचा टवका उडालेला.

"अहो," बायको म्हणाली, "हा ट्रक आपल्या फाटकापाशी कधीपासून उभा आहे?"

मेव्हणा हळूच म्हणाला, "भाऊजी, खांबही स्वच्छ करून देऊ?"

"रिव्हर्स घेताना लागला," जावईबापू एका दमात बोलून मोकळे झाले. "गाडी हातात देताना तूच म्हणालीस ना, 'खांब सांभाळा'? मग सांगू कसं?"

मॅडम हसून खुर्चीत मागे रेलल्या. "अहो, तुमची पॉलिसी फुल आहे. स्वतः खांबाला धडकलात तरी क्लेम मिळतो. खोटं कारण लिहिलंत तर मात्र मिळत नाही. नशीब समजा, अजून काही पाठवलं नाहीये."

म्हणजे एवढा खटाटोप फुकट. जावईबापूंनी खरं काय ते लिहून सही केली, दार आधी का ठोकलं तेही लिहिलं. सासूबाईंची वेल पहिल्या नंबरवर गेली. अंगठ्याला जागाच मिळाली नाही. संध्याकाळी सर्व्हेअरचा फोन आला: पहिल्या फोटोतच सगळं कळलं, क्लेम पास.

"आणि खांब?" सासूबाईंनी विचारलं.

खांब पॉलिसीत नव्हता.

रविवारी जावईबापू पोपटी रंगाचा डबा घेऊन फाटकापाशी उकिडवे बसले. नाकावर रंग, कोपरावर रंग. मागच्या कोपऱ्यातून, तिरक्या उन्हात, सासूबाईंनी फोटो काढला आणि बहिणीला पाठवला.

"बघू, बघू," बायको म्हणाली. "वा आई, एक नंबर! नुकसान अगदी स्पष्ट दिसतंय."