आधी गळती, मग इतिहास

पंपांच्या कंपनीला चाळीस वर्षं झाली म्हणून वितरकांना दाखवायला वीस मिनिटांची फिल्म करायची होती. संहिता थोरल्या मालकांनी स्वतःच लिहिली होती. स्थापना, जागा, पहिली निर्यात, असं सालामागून साल. चौदाव्या प्रसंगात एक ओळ होती, ‘याच वर्षी काही सहकारी आम्हाला सोडून गेले.’ त्यातला एक माझा बाप. सोडून कसला जातोय, गचांडी धरून बाहेर काढला होता. संहिता नीट करायचं काम मी घेतलं ते त्या एका ओळीसाठी.

मीटिंगला मालक होते आणि त्यांची मुलगी होती. कारखाना आता तीच चालवते.

“असं सालवार सांगितलं तर तिसऱ्या मिनिटाला वितरक पेंगतील,” मी म्हणाले. “आजपासून सुरू करू. गोदामात परत आलेले गळके पंप दाखवू, मग मागे जाऊ.”

“घरची लक्तरं वेशीवर टांगायची?” मालक म्हणाले.

“बाबा, पंप त्यांनीच परत पाठवलेत. त्यांना काय नवीन आहे?” मुलगी म्हणाली.

मी बावीस प्रसंगांची बावीस कार्डं टेबलावर मांडली. सुरुवातीला प्रश्न विचारला, की मागे जाताना त्याच्या उत्तराचंच तेवढं घ्यायचं. पंप का गळतो, हे ज्यातून कळत नाही ते बाद. भूमिपूजन गेलं. परदेश दौरा गेला. सत्कार तर तीन होते, तिन्ही मी अगदी चवीनं उचलले. शेवटी सात कार्डं राहिली आणि बरोबर मध्ये चौदावं आलं. सालांच्या गर्दीत ते खपून गेलं असतं, आता ते लपणार कुठे?

“या वर्षी नक्की काय झालं होतं?” मुलीनं विचारलं.

मालकांनीच संदर्भासाठी दिलेलं त्या वर्षीच्या बैठकांचं इतिवृत्त मी उघडून तिच्यापुढे सरकवलं. खर्च वाचवायला पंपातलं पाणी अडवणारं दुहेरी सील काढून एकेरी बसवायचं ठरलं होतं. पंप मोठा केला तर हे दाब धरणार नाही, असं मुख्य फिटरनं लिहून दिलं होतं. आठव्या दिवशी त्याला काढलं. यंदा पंप मोठा केला होता.

तिनं दोनदा वाचलं. “हा प्रसंग राहील. आणि निवेदन बाबाच करतील, ठरलंय तसं.”

मालक माझ्याकडे बघत राहिले. “तू कुणाची?”

“त्या फिटरची.”

रेकॉर्डिंगच्या खोलीत त्यांनी ओळ वाचली, “त्याचं बरोबर होतं. मी त्याला काढून टाकलं.” आवाज कापरा, पण स्वच्छ. काचेपलीकडून मी म्हणाले, “पुन्हा एकदा.”

पहिलाच टेक उत्तम होता. मी त्यांच्याकडून अकरा वेळा म्हणवून घेतलं.