कार्डावरचा मधला किस्सा

लिफ्टवाला तीन आठवडे त्या भाषणामागे हात धुऊन लागला होता. नवरदेव त्याचा दहा वर्षांचा जिवलग मित्र. त्याचं लाडकं नाव ‘उशीरभाऊ’, कारण हा पठ्ठ्या आयुष्यात कुठेही वेळेवर पोचलेला नव्हता. लग्नाच्या जेवणाआधी मित्राने तीन मिनिटं बोलायचं, नवऱ्याची थोडी फिरकी घ्यायची आणि शेवटी सगळ्यांना ग्लास उंचवायला लावायचे, असं ठरलं होतं.

लिफ्टवाल्याने ते काम रोज लिफ्ट दुरुस्त करायचा तसंच केलं. जो दोष माणूस स्वतःच हसत कबूल करतो, त्याचीच चेष्टा करायची. जुनी प्रेमप्रकरणं, दारू, पगार, नवरदेवाचं वजन, यातलं काही नाही. नवरीची तर फक्त स्तुती. पहिला किस्सा उशिराचा, मधला हळवा पण हसवणारा, आणि मग गाडी नवरीकडे वळवायची. हशा आला की गप्प राहायचं, त्याच्यावरून पुढे रेटायचं नाही. लिफ्टच्या छतावर उभं राहून त्याने वीस वेळा म्हणून पाहिलं.

मधला किस्सा हॉस्पिटलचा होता. उशीरभाऊच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा चिरंजीव दारापर्यंत आले, सुई बघितली आणि धाडकन आडवे झाले. नर्सने आईचं स्ट्रेचर सोडून आधी यालाच उचललं! त्यानंतर स्वारी दोनदा फिरकली, तीही दहा-दहा मिनिटं. चाळीस दिवस आईजवळ बसला तो लिफ्टवाला. भाषणाच्या कार्डावर मात्र त्याने फक्त बेशुद्ध पडण्याचंच लिहिलं होतं; बाकीचं कशाला उगाळायचं? हसतील लोक, आणि आईही हसेल.

पण त्याच्या आधी नवरीचे वडील माइकवर आले.

“मुलं बरीच पाहिली,” ते म्हणाले. “हाच का निवडला, सांगू? आई आजारी असताना हा चाळीस दिवस तिच्या उशाशी बसला. स्वतःच्या हाताने भरवलं. जो आईला सोडत नाही, तो माझ्या लेकीला सोडणार नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लिफ्टवाल्याच्या हातातलं कार्ड ओलं झालं. त्याने उशीरभाऊकडे पाहिलं. तो ताटातल्या चमच्याशी खेळत होता. मग त्याने मान वर केली आणि हळूच, अगदी हळूच नकारार्थी हलवली. अरे लबाडा! संताप असा उसळला की वाटलं, सरळ माइकवर सांगून टाकावं. एका वाक्याचं तर काम होतं.

त्याचं नाव पुकारलं गेलं.

“आमची ओळख लिफ्टमध्ये झाली,” त्याने सुरुवात केली. “हा ऑफिसला जाताना चाळीस मिनिटं अडकला होता. मी घाम गाळून दार उघडलं, तर म्हणतो, ‘बंद करा हो! उशिराचं खरं कारण पहिल्यांदाच मिळालंय!’”

हॉल खदखदून हसला. नवरीचे वडील डोळे पुसायला लागले. लिफ्टवाला थांबला, हशा ओसरू दिला. आता मधला किस्सा. “आणि ते हॉस्पिटलचे चाळीस दिवस...” तो म्हणाला, आणि त्याची जीभ अडखळली. उशीरभाऊचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारी नवरी कौतुकाने नवऱ्याकडे बघत होती. तिचा काय दोष होता यात?

“त्याबद्दल वडीलधारे बोललेच आहेत,” तो म्हणाला. “मी काय आणखी सांगणार? पण वहिनी, आज हा वीस मिनिटं आधी आला. मी घड्याळ दोनदा पाहिलं. आम्हाला दहा वर्षांत जमलं नाही, ते तुम्ही एका वर्षात केलंत. उचला ग्लास, वहिनींच्या नावाने!”

सगळे उठले. उशीरभाऊने येऊन घट्ट मिठी मारली आणि कानाशी पुटपुटला, “जन्मभर विसरणार नाही.” लिफ्टवाल्याला त्याच्या अत्तराचीही किळस आली.

पुढच्या रांगेतून उशीरभाऊच्या आईने त्याला खुणेने बोलावलं. तिला तरी सगळं ठाऊक आहे, या विचाराने त्याला भरून आलं. तो तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला.

“गुणाचा रे तू,” आई जड जिभेने म्हणाली. “जीव टांगणीला लागला होता माझा. मीच सांगितलं होतं व्याह्यांना तसं. कुठे जुळतच नव्हतं बघ याचं.”

तिच्या हातातला सरबताचा ग्लास कलायला लागला, तसा त्याने सवयीने तो धरला आणि तिच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्याला लावला. डावीकडून ओघळतं, हे त्या चाळीस दिवसांत त्याला पाठ झालं होतं.

आईने चांगल्या हाताने त्याचं मनगट बाजूला सारलं.

“नको,” ती कुजबुजली. “बघतायत सगळे. सूनबाईला विचार पडेल, याला कसं माहीत म्हणून. आणि थोडे दिवस घरी नको येऊस.”

त्याने ग्लास तिच्या बोटांत नीट बसवला आणि उठून बाजूला झाला. सरबत तिच्या हनुवटीवरून नव्या साडीवर ओघळलं. उशीरभाऊ लगबगीने रुमाल घेऊन आला आणि चुकीच्या बाजूने पुसायला लागला.