मूळ प्रतीबरहुकूम

न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, जिथे उजेड यायला स्वतः कंटाळतो अशा खोलीत नक्कल विभाग होता आणि तिथे त्याला सगळे कार्बन म्हणत. निकालाची प्रत हवी असली की लोक खिडकीशी येत, तो मूळ कागद काढी, अक्षर न् अक्षर टंकून घेई आणि मग रुजवात करी. म्हणजे डावीकडे मूळ, उजवीकडे नक्कल, ओळीखाली पट्टी, हातात लाल पेन्सिल. जिथे नक्कल मुळापासून हटली असेल तिथे ती सुतासारखी सरळ करायची आणि खाली शिक्का मारायचा. बावीस वर्षांत त्याचा एकही कागद परत आला नव्हता. एकदा एका निकालात साक्षीदाराचं वय एकशे पंचेचाळीस पडलं होतं. कार्बनने एकशे पंचेचाळीस उतरवलं. साक्षीदाराला मारायचा किंवा जगवायचा अधिकार नक्कल विभागाला नव्हता.

अशा माणसाने पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेरून मानसशास्त्राच्या एम.ए.ला नाव घालावं, हे सहकाऱ्यांना मेजवानीसारखं होतं.

"कार्बनशेठ, दुसऱ्याच्या मनाची पण नक्कल काढणार का आता?" शिपाई विचारी.

कारण साधं होतं. दुसऱ्या मजल्यावर कौटुंबिक खटल्यांच्या समुपदेशक बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या आणि ती जागा खात्यातूनच भरणार होते. अट एकच, मानसशास्त्राची पदवी. त्यामागचं कारण मात्र त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं. एकदा एक बाई घटस्फोटाच्या निकालाची प्रत घ्यायला आली. प्रत हातात घेऊन तिने खिडकीतून विचारलं, "तुम्ही वाचलंय ना सगळं? तुम्हाला काय वाटतं, माझं चुकलं का?" कार्बनने सगळं वाचलं होतं. पान नंबरासकट पाठ होतं. आणि त्याला काहीच वाटत नव्हतं. त्याने विचारलं, "एकच प्रत, की दोन?" बाई निघून गेली. तो प्रश्न मात्र खिडकीतच बसून राहिला.

पहिलं वर्ष पाठांतरावर निघालं. दुसऱ्या वर्षी आला संशोधन-आढावा. एका विषयावरचे पाच शोधनिबंध वाचायचे, प्रत्येकाचा सारांश आपल्या शब्दांत लिहायचा आणि मग पाचही एकमेकांशी ताडून काय दिसतं ते मांडायचं. पहिला सारांश आधी पाठवायचा. तो मंजूर झाला तरच पुढचे चार.

कार्बनने पहिला सारांश पाठवला, तेव्हा साम्य तपासणाऱ्या यंत्रणेने अठ्ठ्याहत्तर टक्के दाखवले. त्याला वाटलं, चांगले गुण मिळाले.

"गुण नाहीत हे," आढावा तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या. त्या त्याच्याहून दहा वर्षांनी लहान होत्या आणि थकलेल्या त्याच्याहून वीस वर्षांनी जास्त. "इतका मजकूर लेखकांचा आहे. तुमचा नाही."

"पण मॅडम, खाली त्यांचं नाव दिलंय की! पान नंबर, वर्ष, सगळं. चोर कधी पत्ता देतो का?"

"नाव दिलं तर कल्पना कोणाची ते कळतं. वाक्यं त्यांचीच घ्यायची तर अवतरणात घ्यावी लागतात. आणि पूर्ण सारांश अवतरणात घातलात तर तुम्ही काय केलंत?"

कार्बनला याचं उत्तर येत होतं. टंकलं होतं. 

"नियमाने एकदाच पुन्हा देता येतं," मॅडम म्हणाल्या. "त्यातही हेच झालं तर नोंदणी रद्द. पाठवण्याआधी मला कच्चा मसुदा दाखवा."

तो मसुदा त्याने शब्दकोश घेऊन केला. मूळ लेखात होतं, 'एकसुरी कामाचा कालावधी आणि स्वमताविषयीचा विश्वास यांच्यात मध्यम स्वरूपाचा ऋण सहसंबंध आढळून आला.' कार्बनने लिहिलं, 'कंटाळवाण्या नोकरीच्या मुदतीमुळे स्वतःच्या मताबद्दलच्या भरवशात मधल्या प्रकारची वजाबाकी दिसून आली.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. हसू दाबायचा प्रयत्न त्यांनी प्रामाणिकपणे केला.

"वजाबाकी कुठून आली?"

"ऋणाला प्रतिशब्द शोधला, मॅडम."

"ऋण सहसंबंध ही संज्ञा आहे, ती बदलायची नसते. सांगाडा मात्र लेखकांचाच ठेवलात, नुसते कपडे बदललेत. हीसुद्धा नक्कलच. आणि हे 'मुळे' कसलं? ते म्हणतात, दोन गोष्टी एकत्र दिसल्या. एकीमुळे दुसरी झाली असं ते कुठेच म्हणत नाहीत. जिथे बदलू नये तिथे नेमकं बदललंत तुम्ही."

मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. लेख पूर्ण वाचा. पालथा घाला. काय विचारलं, कुणाला, कसं, काय सापडलं, काय सांगता येत नाही, हे शेजाऱ्याला सांगावं तसं लिहा. लिहून झालं की लेख उघडा आणि ताडून बघा.

रविवारी सकाळी त्याने लेख वाचला, पालथा घातला आणि लिहायला बसला. अर्ध्या तासात पानभर मजकूर झाला. लेक बारावीची, शेजारी अभ्यास करत होती. तिने लेख सुलटा करून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हे स्वल्पविरामासकट तेच आहे!"

"पण लेख पालथा होता," कार्बन म्हणाला. "तुझ्यादेखत."

बावीस वर्षांच्या रुजवातीने त्याचा डोळा असा तयार केला होता, की दोनदा वाचलेला कागद तिसऱ्यांदा लागत नसे. डोकं रिकामं करून लिहायचं म्हटलं तर डोक्यात तो कागदच होता.

बायको खिडकीपाशी शिवणयंत्रावर लेकीच्या गणवेशाचं टोक मुडपत होती. "अहो, आहे तरी काय त्यात एवढं?"

"एकसुरी कामाचा कालावधी आणि स्वमताविषयीचा—"

"पोथी नका वाचू. मला सांगा."

"अगं, त्यांनी आठ कार्यालयांतल्या सुमारे तीनशे लोकांना दोन प्रश्नावल्या भरायला दिल्या. एकीत, तेच ते काम किती वर्षं करताय. दुसरीत, स्वतःच्या मतावर किती भरवसा आहे."

"बरं, मग?"

"मग काय, जितकी वर्षं जास्त, तितका भरवसा कमी. म्हणजे सगळ्यांचाच असं नाही, पण साधारण तसा कल."

"म्हणजे कामाने माणूस बावळट होतो. हे सांगायला तीनशे माणसं कशाला? मला विचारायचं."

"तसं म्हणता येत नाही ना! त्यांनी एकदाच विचारलंय. आधी ती माणसं कशी होती कुणाला ठाऊक? कदाचित उलटंच असेल. ज्याला मुळात स्वतःचं मत नाही, तोच अशा जागी टिकत असेल. मत असणारे कधीच पळाले असतील."

यंत्र थांबलं. बायकोने दोरा तोडला, तोही गरजेपेक्षा जरा हळू.

"बाबा!" लेक ओरडली. "हेच! हेच लिहा! आत्ता बोललात ते!"

तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याचं बोलणं उतरवून घेतलंच होतं. कार्बनने ते समोर ठेवून सारांश लिहिला. लेखकांची नावं आणि वर्ष सुरुवातीलाच घातलं, 'ऋण सहसंबंध' तसाच ठेवला, आणि उलटंही असू शकेल हे स्वच्छ लिहिलं. दीडशे शब्द. लेकीने वाचलं आणि म्हणाली, "बाबा, हे तुमच्यासारखं वाटतंय." असं त्याच्या कुठल्याही कागदाबद्दल आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी त्याने दोनदा जेवण वाढून घेतलं.

सोमवारी मधल्या सुटीत तो आपल्या टेबलाशी बसला. मॅडमच्या कागदावरची एकच ओळ उरली होती. लिहून झालं की ताडून बघा.

हे तर त्याचं घरचं काम. लेख डावीकडे, सारांश उजवीकडे, ओळीखाली पट्टी. पहिल्याच ओळीत 'सुमारे तीनशे' होतं. त्याने 'तीनशे बारा' केलं. बरोबर केलं. दुसरीकडे आठ कार्यालयं पडली होती, ती नऊ केली. हेही बरोबर. पुढे 'तेच ते काम' होतं. मुळात 'एकसुरी काम'. लाल पेन्सिल चालली. 'भरवसा'. मुळात 'विश्वास'. 'साधारण तसा कल' हे मुळात कुठेच नव्हतं, ते त्याने काढून जे होतं ते घातलं. हात बावीस वर्षांच्या वळणाने सरकत राहिला. 'मत असणारे पळाले असतील' यापाशी तो क्षणभर अडला. मग पट्टी खाली घेतली आणि लिहिलं, 'प्रस्तुत अभ्यास एककालिक असल्याने कार्यकारणभावाची दिशा निश्चित करता येत नाही.' आता कसं! दोन्ही कागद एकमेकांना भावासारखे दिसत होते. त्याला ते जुनं, खरं समाधान वाटलं. हात शिक्क्याकडे गेला, तेवढा मात्र त्याने आवरला. स्वच्छ टंकून सुटी संपायच्या आत पाठवून दिलं.

एकाहत्तर टक्के आले.

"मला कळत नाही," मॅडम म्हणाल्या. पडद्यावर ओळीमागून ओळ लाल होती. "समजला नव्हता का लेख?"

"समजला होता. हा आधीचा मसुदा." त्याने घडी केलेला कागद पुढे केला. लाल पेन्सिलीखालचं सगळं अजून वाचता येत होतं.

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. "अहो, हे छान होतं. हे का नाही पाठवलंत?"

"चुका होत्या, मॅडम. मी दुरुस्त केल्या."

"कसल्या चुका?"

"मूळ प्रतीशी जुळत नव्हतं."

मॅडमनी मसुदा टेबलावर ठेवला. "ताडून बघा म्हणजे आकडे हो," मॅडम शेवटी म्हणाल्या. "अर्थ चुकला नाही ना, एवढंच." मग त्यांनी विद्यापीठाच्या समितीला पत्र लिहिलं, मसुदाही जोडला. समितीचं म्हणणं पडलं, की जे सादर केलं तेच ग्राह्य धरता येतं. नियम म्हणून ते बरोबरच होतं. कार्बनलाही पटलं.

दुसऱ्या मजल्यावरची जागा पुढे आवक-जावक विभागातल्या एका हुशार मुलीला मिळाली. पण त्याआधी एका संध्याकाळी नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. त्याने ते दारातच वाचलं, दोनदा, घडी करून खिशात घातलं आणि आत येऊन खुर्चीत बसला.

"काय म्हणतात?" बायकोने विचारलं.

कार्बनने खिशाला हात न लावता सांगितलं. जावक क्रमांकापासून सुरुवात करून, संदर्भ एक, संदर्भ दोन, विषय, 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की', ते थेट सहीखालच्या हुद्द्यापर्यंत. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

लेकीने पुस्तक मिटलं. बायको यंत्रावरून उठून त्याच्या समोर येऊन बसली.

"ते कळलं हो," ती म्हणाली. "पण म्हणजे काय? तुम्ही सांगा ना."

त्याने तोंड उघडलं. हात खिशातल्या घडीकडे गेला.

"म्हणजे," तो म्हणाला, "लिहिलंय तसंच."