दहा बाय तीनची पाटी

फ्लेक्सवाल्याने आकडा सांगितला आणि शिंपीणबाईंनी पर्सची चेन पुन्हा लावून टाकली. घरून निघताना त्यात बरोबर तेराशे मोजून घेतले होते.

"सोळाशे दहा? सकाळी फोनवर तर म्हणालात, बाराशे-तेराशेच्या आत बसवतो."

"अंदाज सांगितला होता ताई. माप तुम्ही नंतर पाठवलंत." कॉम्प्युटरवरची नजर न काढता तो म्हणाला. दुकानात रंगाचा उग्र वास होता, आतल्या खोलीत मशीन कुणाच्या तरी वाढदिवसाचं भलंमोठं हसू ओळीओळीने छापत होतं. "एवढं जड जात असेल तर फ्रेम सोडून द्या. कडेला भोकं पाडून देतो, दोरीने बांधा. नऊशे पन्नास तिथेच वाचतात."

"आणि महिन्याभरात लोंबायला लागेल."

"लोंबेल. पण स्वस्त पडेल."

बाई हलल्या नाहीत. बारा वर्षं त्यांनी दिराच्या दुकानात मागच्या बाजूला बसून शिवलं होतं. पुढे दीर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, मागे बाई मान मोडून शिवायच्या, आणि कौतुक अर्थातच पुढच्या पुढेच संपायचं. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी एका शटरचा गाळा भाड्याने घेतला. शाळेच्या मुख्याध्यापिका दोनशे ऐंशी गणवेशांची ऑर्डर द्यायला गेल्या आठवड्यात आल्या, गल्लीत दोन चकरा मारल्या आणि दुकान न सापडल्याने परत गेल्या. फोनवर म्हणाल्या, "पाटी नसलेल्या दुकानात एवढं काम दिलं तर उद्या मला संस्थेत उत्तर द्यावं लागेल. सोमवारी दहाला पुन्हा येते. नाहीतर नेहमीच्यांकडेच देऊ." नेहमीचे म्हणजे दीरच. आज रविवार होता.

"दादा, हिशोब लिहून द्या," बाई म्हणाल्या.

"अहो, कॅल्क्युलेटरवर केलाय."

"मला कागदावर बघायचाय. मी घाईत नाही."

खरं तर घाई त्यांनाच होती, पण ती दाखवली की समोरचा वर चढतो हे त्या दिराकडे शिकल्या होत्या. फ्लेक्सवाल्याने सुस्कारा सोडला आणि जुन्या पत्रिकेच्या पाठीवर लिहायला घेतलं.

"लांबी अकरा, उंची चार. अकरा चोक चव्वेचाळीस चौरस फूट. छपाई पंधराने, सहाशे साठ. आता फ्रेम. ती चौरस फुटावर नसते, जेवढा पाइप लागतो तेवढे फूट. वरचा-खालचा अकरा-अकरा, बावीस. दोन्ही टोकांना चार-चार, आठ. मधे दोन उभे आधार, आणखी आठ. झाले अडतीस. पंचवीसने साडेनऊशे. बेरीज तुम्हीच करा."

बेरीज बरोबर होती. बाईंना चुकलेली बेरीज हवी होती, म्हणून त्यांना जरा वाईटच वाटलं. मग त्यांचं बोट वरच्या ओळीवर गेलं.

"अकरा कुठून आले? मी साडेदहा बाय साडेतीन सांगितलं होतं."

"अर्ध्या फुटाचा आम्ही पूर्ण फूट धरतो. सगळीकडे तीच पद्धत आहे."

"मग दहा बाय तीनच धरा ना. वरचा अर्धा फूट तर मार्जिन आहे."

फ्लेक्सवाल्याने पहिल्यांदाच मान वर केली. "मार्जिन? कसलं मार्जिन?"

"कडा मुडपायला. कुठलंही कापड बेतताना मार्जिन धरायला नको? चारी बाजूंनी तीन-तीन इंच धरलं."

तो खो खो हसला. "ताई, आमचं शिवणकाम नाही हो! मुडपायला तीन इंच आम्हीच जास्त सोडतो, त्याचे पैसेसुद्धा घेत नाही. तुम्ही फक्त तयार फ्रेमचं माप द्यायचं. तुम्ही धरलं, वर आम्ही धरणार!"

बाईही हसल्या असत्या, पण हसू ओठांवर येण्याआधीच त्यांना गाळ्याचं शटर आठवलं. शटरच्या दोन बाजूंच्या खांबांमधली जागा मोजून दहा फूट होती. वर छज्जा, खाली शटरची पेटी, मधे तीन फूट. साडेदहाची फ्रेम तिथे बसणारच नव्हती.

"फ्रेम झाली का?"

"मागे काका करतायत. पाइप कापून झालेत, आता जोडतीलच..."

पुढचं ऐकायला बाई थांबल्या नाहीत. वाढदिवसाच्या हसऱ्या माणसाला वळसा घालून त्या मागच्या अंगणात पोचल्या तेव्हा वेल्डरकाका डोळ्यांवर काळा चष्मा चढवत होते.

"काका, थांबा! हात लावू नका!"

काका दचकून दोन पावलं मागे सरले. जमिनीवर दोन लांब आणि चार आखूड पाइप मांडून ठेवले होते. बाईंनी गळ्यातली टेप काढली, गुडघ्यावर बसल्या आणि एकेक पाइप मोजला. साडेदहा, साडेदहा. साडेतीन, साडेतीन, साडेतीन, साडेतीन. इंचभरही फरक नव्हता. काकांचं काम चोख होतं आणि आज तेच नडत होतं.

फ्लेक्सवाला मागून आला. "आता कापलेल्या पाइपचं काय करू? माप तुमचं. चूक तुमची."

"चूक माझीच," बाई उभ्या राहत म्हणाल्या. "पण कमी पडलं असतं तर रडायची वेळ होती. जास्तीचं आहे, ते कापता येतं. छापून झालंय का?"

"नाही. तुम्ही पास केल्याशिवाय छापत नाही."

"मग बिघडलंय काय? प्रत्येक पाइपचा अर्धा फूट उडवा. दहा त्रिक तीस फूट, पंधराने साडेचारशे. पाइप दहा-दहा वीस, तीनचे चार म्हणजे बारा. बत्तीस, पंचवीसने आठशे. साडेबाराशे होतात."

"आणि सहा तुकडे वाया गेले ते? पुन्हा कापायची मजुरी?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पर्समध्ये आणखी पन्नासच उरत होते आणि परतीची रिक्षा त्यातच होती. पण भोकं पाडलेलं फ्लेक्स नको, उद्यावर ढकलणं नको, दिराचं ते कुत्सित हसू तर मुळीच नको, हे त्यांच्या मनात अगदी पक्कं होतं.

"तीस आणखी देते. त्याहून जास्त माझ्याजवळ नाहीत, आणि मी इथून पाटी घेतल्याशिवाय जाणार नाही. अंगणात बसून राहीन."

"बसवून ठेवू नकोस रे बाबा," वेल्डरकाका मधे पडले. "चार तुकडे कोपऱ्यांना तिरके आधार म्हणून लावतो, फ्रेम हलायची नाही. दोन माझ्याकडे कुठेतरी लागतील. कापायला दहा मिनिटं लागतात."

फ्लेक्सवाल्याने एकदा काकांकडे, एकदा टेपकडे बघितलं. "राहू द्या ते तीस. साडेबाराशे. या, पास करा."

कॉम्प्युटरवर बाईंचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, खाली 'टेलर्स'. त्यांनी अक्षर न् अक्षर दोनदा वाचलं. संध्याकाळी काकांनी शिडी लावून पाटी बसवली. ती या खांबापासून त्या खांबापर्यंत नेमकी बसली आणि बाई रस्त्याच्या पलीकडे जाऊन कितीतरी वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या. त्यांना खूप आनंद झाला होता आणि तो सांगायला तिथे कुणी नव्हतं, याचंही त्यांना काही वाटलं नाही.

सोमवारी दहाला मुख्याध्यापिका थेट दुकानातच शिरल्या. कापडं बघितली, शिलाई ताणून बघितली. मग आतल्या पडद्याकडे नजर टाकत म्हणाल्या, "मालक आहेत का? दराचं बोलून घेतलं असतं."

बाईंनी कात्री खाली ठेवली.

"बाहेर पाटीवर नाव वाचलंत ना? ती मीच. बोला."

मुख्याध्यापिकांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या बसल्या.

"मापं घ्यायला शाळेत कधी येताय?"