साखराबाईचे कान

लातुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करावेत तर वैजनाथनेच, असं लोक म्हणत. चार हार्ड डिस्कचा त्याचा कॉम्प्युटर मधल्या भिंतीला टेकलेल्या टेबलावर होता. भिंतीपलीकडे, तिलाच टेकून, त्याच्या आईची, साखराबाईची, लोखंडी खाट. गुडघ्यांच्या इलाजासाठी ती अहमदपूरकडच्या गावाहून आली होती. लेक म्हणाला, आता इथंच राहा.

आठवड्यात ती म्हणाली, "वैजू, भिंतीत काय घुमून राहिलंय रे? वाढतंय, कमी होतंय. दुपारचा डोळा लागत न्हाई."

वैजूच्या कानांवर दिवसभर हेडफोन. काम संपवून, जेवून तो आईच्या खाटेवर येऊन बसायचा आणि तेव्हा सगळं चिडीचूप असायचं. वीस मिनिटं कुणी हात लावला नाही की डिस्का फिरायच्या थांबतात, हे सेटिंग त्यानंच केलेलं. पण ऐन वेळी अक्कल गहाण पडते, तशी त्याची पडली.

"काही नाही, आई. कान वाजतात तुझे. वय झालं."

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या आणल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी! दिवाळी झाली आणि साखराबाई गावाकडे निघून गेली. "माझ्या कानापायी तुला कशाला ताप," एवढंच म्हणाली.

एकदा मोठ्या लग्नाचं फुटेज एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी व्हायला लावून वैजनाथ त्या खाटेवर आडवा झाला. पाठीखालचं लोखंड थरथरत होतं. भिंतीतून घूं... घूं... यायचं, विरायचं, परत यायचं. डिस्का जवळपास एकाच वेगाने फिरत होत्या, पण अगदी एकाच नाही, म्हणून तो चढउतार. आईनं अगदी हेच सांगितलं होतं.

त्याला स्वतःचीच लाज वाटली. कॉपी संपू दिली, मशीन बंद करून डिस्का काढल्या. त्या पत्र्याच्या चौकटीला स्क्रूने करकचून आवळलेल्या होत्या, त्यामुळे थरथर पत्र्यात, पत्र्यातून टेबलात आणि टेबलातून भिंतीत जात होती. त्याने रबरी वॉशर घालून लोखंडाला लोखंड लागू दिलं नाही, स्क्रू बेताने फिरवले. टेबल भिंतीपासून सरकवलं, पायांखाली रबर ठेवलं. मशीन चालू केलं, पुन्हा कॉपी लावली आणि येऊन खाटेला हात लावला. खाट गप्प होती.

दुसऱ्याच दिवशी तो एसटीने गावी गेला.

"आई, चल. मशीनच वाजत होतं, तुझे कान नाहीत. आता नीट केलंय."

साखराबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आईचं मन राखायला लई शिकलास रे. हाव, मला म्हाईत हाय. डॉक्टरनं गोळ्या दिल्यात न्हवं? त्यांनी इथं जरा कमी हाय, पर कानच वाजत्यात माझे."

"आई, खरंच..."

"तू तेव्हा खरं बोलला होतास, वैजू. आता नको लपवूस." आणि ती चहा टाकायला उठली.