माझा टोल कोणी ठरवला?

मी एक जुना रूळ आहे, मित्रांनो. खरं तर रुळाचा तुकडा. मिरजेहून कोल्हापूरला येणाऱ्या गाड्या माझ्या अंगावरून धावायच्या. झिजलो तेव्हा मला कापलं आणि कोल्हापुरातल्याच एका शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या दाराशी टांगलं. शिपाई केरबा हातोडीने मला बडवायचा आणि सगळी शाळा माझं ऐकायची. मला वाटायचं, वेळ मीच ठरवतो. केवढा तो तोरा!

त्या वर्षी, म्हणजे एकाहत्तर साली, माझ्या शेजारी एक लाकडी पेटी आली. तिच्यावर 'विद्यार्थ्यांच्या सूचना' असं लिहिलं होतं. किल्ली मुख्याध्यापक पट्टणशेट्टी सरांच्या खिशात असायची. दर शनिवारी ते पेटी उघडत, चिठ्ठ्या वाचत आणि बहुतेक टोपलीत टाकत.

एक चिठ्ठी मात्र त्यांना पटली. ती नववीतल्या मेहमुदाची होती. मेहमुदा कोडोली या खेड्यातून एसटीने यायची. गाडी पोचेपर्यंत माझा टोल पडलेला असे आणि तिच्यासारखी खेड्यावरची मुलं पहिला गणिताचा तास बाहेर उभी राहून काढत. शाळा पाव तास उशिरा भरवावी, एवढंच तिने लिहिलं होतं. सरांनी शालेय समितीची मंजुरी आणली आणि प्रार्थनेनंतर घोषणा केली. टाळ्या वाजल्या. मलाही भरून आलं.

पण समितीने शाळा उशिरा भरवली, तशीच उशिरा सोडलीही! आता संध्याकाळच्या टोलाआधीच कोडोलीची गाडी निघून जायची. पुढची गाडी थेट दिवेलागणीला. आठवड्याभरात मेहमुदाचे अब्बा, शमशुद्दीन शिंपी, सरांच्या दारात उभे राहिले.

"सर, पोर अंधारात घरी येती. ह्ये असंच चालणार आसंल तर नाव काढून घेतो बघा."

मी पार गोंधळलो. तिने मागितलं तेच तर मिळालं होतं. मग तिचीच शाळा बंद व्हायची पाळी का आली?

शाळेत विद्यार्थ्यांचं मंत्रिमंडळ होतं. वर्गावर्गातून मतं घेऊन निवडलेलं, शपथ घेतलेलं. त्यांचं काम म्हणजे फळे पुसून घेणं आणि रांगा लावणं. त्याची मुख्यमंत्री दहावीतली अक्काताई सरांकडे गेली.

"मागितलं ते दिलं की! आता परत काय?" सर म्हणाले.

"सर, सुटायची वेळ आम्हाला कुणी इचारलीच न्हाई."

मेहमुदाने तोड काढली होती, मधली सुट्टी पाव तासाने कमी करायची, म्हणजे शाळा जुन्याच वेळी सुटेल. त्यावर कोल्हापुरातली मुलं भडकली. ती जेवायला घरी जात. "आम्हाला कुणी इचारलं?" त्यांचंही बरोबर! आता मी कोणाचं ऐकू? अक्काताई स्वतः शनिवार पेठेतली, तीही घरीच जेवायची. तिने वर्गावर्गात जाऊन हात वर करायला लावले, भांडणं ऐकली आणि शेवटी छोटी आणि मधली, अशा दोन्ही सुट्ट्यांतून थोडा थोडा वेळ काढायचं ठरलं. नाराज मुलं राहिलीच.

समितीच्या बैठकीला सरांनी दोघींना बोलावलं. दार उघडं होतं, त्यामुळे मी सगळं ऐकलं. दोघी बोलल्या. सभासदांनी माना डोलावल्या. मग सर नेहमीच्या सुरात म्हणाले, "छान. आता तुम्ही जा, आम्ही ठरवतो."

अक्काताई उठली. मेहमुदा बसूनच राहिली.

"सर, मागल्या बारीला चिठ्ठी टाकली आन् मी भाईरच हुते. म्हणून चूक झाली. ठरंस्तवर बसू द्या की. मी न्हाई बोलणार मधी."

मला वाटलं, आता हिला हाकलतात. पण सर चष्मा पुसत म्हणाले, "बस. आणि मध्ये बोललीस तरी चालेल." एका सभासदाने गाडीची वेळ चुकीची धरली, तेव्हा ती बोललीच. दिवाळीपर्यंत करून बघायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केरबाने मला बडवलं आणि मेहमुदा दप्तर सावरत स्टँडकडे पळाली. तिला गाडी मिळाली! दिवाळीनंतरही तीच वेळ राहिली आणि मेहमुदा त्याच शाळेतून मॅट्रिक झाली.

पण माझा गोंधळ काही गेला नाही. पुढच्या वर्षी सरांची बदली झाली आणि पोरांना बैठकीला पुन्हा कोणी बोलावलं नाही. मंत्रिमंडळ फळे पुसत राहिलं. माझ्या जागी विजेची घंटा आली. मी आता अडगळीत पडलोय आणि शेजारी ती पेटीही आहे, कुलपासकट. मग बदललं तरी काय? वेळ बदलली, ती ठरवणारी खुर्ची नाही. आणि तरीही एक मुलगी शिकली. याला जिंकणं म्हणावं की नाही, हे मला लोखंडाला कळत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणाची तरी वेळ ठरवाल. पेटी जरूर लावा. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला आत बोलवा. आणि ठरेपर्यंत त्याला उठवू नका.