पहिल्या आठवड्यात एक दिवस फुकट

कॉफीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ह्येरानने बसून काम करायला भाड्याची जागा उघडली आणि फोनवरून जाहिरात टाकली: ‘आजपासून सुरू! टेबल, वायफाय, प्रिंटर. दिवसाचा पास पंधरा हजार वॉन. पहिल्या आठवड्यात एक दिवस मोफत. एका कॉफीवर दिवस काढणं आता पुरे!’

दुपारपर्यंत कुत्रंही फिरकलं नाही. उद्घाटनाचा तांदळाचा केक घेऊन ती भीतभीतच खाली कॉफीवाल्या मालसुकताईकडे गेली.

“ताई, शेवटची ओळ झोंबली असेल तर काढते.”

“काढून तर बघ! हे चौघे सकाळपासून एकेका कपावर ठाण मांडून बसलेत. मी बोलले की मीच वाईट!” केक तोंडात कोंबून ताई गरजली, “अहो लॅपटॉपवाले, वर आज फुकट आहे!”

चौघेही उठले. ह्येरानने तिथेच कमरेत वाकून ताईला नमस्कार केला.